रेक्टिफायरचा ट्रेस आणि रिपल: सीआरओवर दिसलेलं शब्दांत सांगणं

ब्रिज रेक्टिफायरच्या आउटपुटला सीआरओ लावला की पडद्यावर जी रेघ दिसते तिला ट्रेस म्हणतात, आणि फिल्टर कपॅसिटर लावल्यावरही डीसीवर जी लाट उरते तो रिपल. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात डिप्लोमाच्या पोरांच्या जर्नलमध्ये हा प्रयोग असतो आणि दुरुस्तीच्या दुकानात हेच काम रोजचं. जर्नल इंग्रजीत लिहायचं, सर कन्नडमध्ये समजावणार आणि पोरं आपापसात मराठीत बोलणार, त्यामुळं आकृती काढून मोकळं होण्यापेक्षा काय दिसलं ते नीट सांगता येणं जास्त कामाचं.

उदाहरण म्हणून १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, ४००७ नंबरचे चार डायोड आणि १०० ओहमचा लोड घेऊ. १२ व्होल्ट हे आरएमएस, म्हणजे शिखर साधारण १७, त्यातनं एका वेळी दोन डायोडचे १.४ गेले की १५.६ व्होल्ट उरतात. हे हिशोबाचे आकडे, लोड हलका असला तर ट्रान्सफॉर्मर थोडं जास्तच देतो.

कपॅसिटर नसताना सीआरओ डीसी कपलिंगवर ठेवून बघितलं तर एकाला एक लागून सारखे उंचवटे दिसतात, सगळे शून्याच्या वरच, दर १० मिलिसेकंदाला एक, कारण ५० हर्ट्झच्या लाटेचा खालचा अर्धा भागही ब्रिज वर उलटवतो. दोन उंचवट्यांच्या मधे तळ टोकदार नसतो, तिथं अर्ध्या मिलिसेकंदाचा सपाट तुकडा असतो, कारण इनपुट १.४ व्होल्टच्या खाली असेपर्यंत कुठलाच डायोड चालू होत नाही. हा तुकडा जर्नलमध्ये बहुतेक जण काढतच नाहीत, पण टाइम पर डिव्हिजन कमी केलं की स्पष्ट दिसतो. हाच ट्रेस एसी कपलिंगवर बघितला तर सरासरीचे साडेनऊ व्होल्ट वजा होतात, अख्खी रेघ खाली सरकते आणि आउटपुट निगेटिव्ह जातंय असं वाटतं. तसं काही नसतं, म्हणून सांगताना कपलिंग आधी सांगायचं.

आता १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की उंचवटे जातात आणि १५ व्होल्टच्या आसपास जवळपास सरळ रेघ येते. रेघ सरळ आली म्हणून तिथंच थांबायचं नाही, एसी कपलिंग करून व्होल्ट पर डिव्हिजन अर्ध्या व्होल्टवर आणलं की खरा आकार कळतो: झटकन चढ आणि मग लांब, जवळपास सरळ उतार, करवतीच्या दातांसारखा. चढताना डायोड कपॅसिटर भरतात, उतरताना एकटा कपॅसिटर लोडला करंट पुरवतो. लोडचा करंट साधारण १५० मिलिअँपियर आणि उतार ८ मिलिसेकंदाचा धरला तर घसरण १.२ व्होल्ट येते. पुस्तकातलं सूत्र पूर्ण १० मिलिसेकंद धरतं म्हणून तिथं दीड येतो, मोजलेलं त्याहून कमी आलं तर घाबरायचं कारण नाही.

मग रिपल सांगायचा कसा? "रिपल कमी आहे" म्हणून काही कळत नाही. वाक्य असं हवं: "१५० मिलिअँपियर लोडवर, सरासरी १५ व्होल्टवर, पीक टू पीक १.२ व्होल्ट रिपल, १०० हर्ट्झ, चढ झटकन आणि उतार सावकाश." यातला लोड गाळला तर आकड्याला अर्थ राहत नाही, कारण लोड काढला की तोच सप्लाय एकदम गुळगुळीत डीसी दाखवतो. पीक टू पीक की आरएमएस हेही बोलायलाच पाहिजे, करवती आकारात १.२ पीक टू पीक म्हणजे आरएमएस फक्त ०.३५ च्या आसपास.

फ्रिक्वेन्सी का सांगायची ते बिघाडात कळतं. समजा निपाणीच्या दुकानातनं फोन आला, "दादा, रिपल अडीच व्होल्ट दाखवालाय, कंडेन्सर बदलू काय?" कपॅसिटर वाळून त्याची क्षमता निम्म्याच्या खाली आली तरी रिपल इतका होतो आणि एक डायोड ओपन झाला तरी जवळपास इतकाच होतो. म्हणून आधी विचारायचं, दोन शिखरांमधे किती वेळ? १० मिलिसेकंद असेल तर चारही डायोड काम करालेत आणि संशय कपॅसिटरवर. २० मिलिसेकंद असेल तर अर्धी लाट येतच नाही, उतार लांबून १८ मिलिसेकंदाच्या आसपास गेलाय, नवा कपॅसिटर घालून डायोड बरा होणार नाही.

एक गोष्ट मात्र जपायची. इनपुट आणि आउटपुट एकत्र दिसावं म्हणून एका चॅनेलची ग्राउंड क्लिप ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीला आणि दुसऱ्याची आउटपुटच्या निगेटिव्हला लावली की ब्रिजचा एक डायोड शॉर्ट होतो, कारण साध्या सीआरओच्या दोन्ही क्लिपा आतून एकच असतात. मग अर्ध्या लाटेला सेकंडरी एकाच डायोडमधनं शॉर्ट होते आणि तो डायोड किंवा ट्रान्सफॉर्मर तापून जातो. सेकंडरीची लाट वेगळी बघायची, आउटपुट वेगळं बघायचं आणि ग्राउंड क्लिप एका वेळी एकाच जागी लावायची.