1.4.2 मधला कुठला आकडा काय शब्द देतो

सॉफ्टवेअरच्या व्हर्जनमधले तीन आकडे म्हणजे लायब्ररी बनवणाऱ्याने ती वापरणाऱ्याला दिलेला शब्द असतो. टॉम प्रेस्टन-वर्नरने लिहिलेले याचे नियम सेमव्हर म्हणून ओळखले जातात. पहिला आकडा मेजर, मधला मायनर, शेवटचा पॅच. आणि हो, हे दशांश नाहीत, 1.10.0 हे 1.9.0 च्या पुढचं व्हर्जन आहे, यात भलेभले गंडतात.

समजा एक तारखा वाचणारी लायब्ररी आहे, तिच्या 1.4.2 मध्ये `parse(text)` फंक्शन आहे. आता त्याला दुसरं, ऐच्छिक पॅरामीटर जोडलं तर जुना कोड जसाच्या तसा चालतो, म्हणून 1.5.0. तेच पॅरामीटर सक्तीचं केलं की जुने सगळे कॉल मोडतात, मग बदल एका ओळीचा असला तरी 2.0.0 च करायला लागतं. म्हणजे काम किती केलं याच्याशी आकड्याचा काही संबंध नाही, वापरणाऱ्याचं काही मोडतं का एवढंच बघायचं.

या शब्दावर विसंबूनच npm मध्ये आपण असं लिहितो:

```
"my-dates": "^1.4.2"
```

म्हणजे 1.4.2 पासून पुढचं काहीही चालेल, पण 2.0.0 किंवा त्याच्या पुढचं नको. `^` ऐवजी `~` टाकलं तर 1.5.0 च्या आतच थांबतं. मेजर शून्य असेल तर मात्र शब्दच दिलेला नाही, 0.x मध्ये कधीही काहीही बदलू शकतं, म्हणून `^0.2.3` सुद्धा 0.3.0 च्या अलीकडेच अडतं.

खरी गंमत पॅचमध्ये आहे. समजा 1.4.2 ला 31/02/2023 दिलं की ते गुपचूप 3 मार्च काढायचं, आणि डॉक्युमेंटेशनमध्ये तर लिहिलंय की चुकीच्या तारखेला एरर येईल. मग हा बग झाला, तो काढून 1.4.3 आलं. नियमाने अगदी बरोबर. पण कुणीतरी दर महिन्याची शेवटची तारीख म्हणून सरसकट 31 टाकत होता आणि त्याचं आजवर निभावत होतं, त्याचा प्रोग्राम आता फेब्रुवारीत एरर देऊन बंद पडणार. शब्द मोडला का? माझ्या मते नाही, कारण शब्द जाहीर केलेल्या एपीआयपुरताच असतो, म्हणून तर एपीआय जाहीर करणं सेमव्हरमध्ये सक्तीचं आहे. डॉक्युमेंटेशन गप्प असतं तर मात्र वाद झाला असता, आणि तिथे मी मेजरच वाढवला असता.

बरं, चुकून खरंच काही मोडलंच तर 1.4.3 मधला माल गुपचूप बदलायचा नाही, एकदा बाहेर पडलेलं व्हर्जन तसंच राहतं. जुनी वागणूक परत आणणारं नवीन व्हर्जन काढायचं आणि कुठलं व्हर्जन बिघडलेलं आहे ते लिहून टाकायचं. तोवर वापरणाऱ्याने लॉक फाइलमध्ये 1.4.2 च पक्कं धरून ठेवावं.