रीनल-डायबेटिक डाएट (हॉस्पिटलमधलं पथ्याचं जेवण)

हॉस्पिटलमध्ये पेशंटला आजाराप्रमाणे जे मोजूनमापून जेवण देतात त्याला थेरप्युटिक डाएट म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत पथ्याचं जेवण. लो सॉल्ट, डायबेटिक आणि रीनल म्हणजे किडनीचं, हे त्यातले रोज लागणारे तीन प्रकार. या विषयाच्या असाइनमेंटमध्ये बहुतेक जण तिन्हींचे वेगवेगळे तक्ते लिहून मोकळे होतात. पण ठाण्यातल्या एका हॉस्पिटलच्या डाएट किचनमध्ये इंटर्नशिप करताना मला दिसलं ते असं की वॉर्डमधल्या कितीतरी पेशंटना हे तिन्ही एकदमच लागतात, कारण डायबेटिस जुना झाला की बऱ्याच जणांची किडनी बिघडते आणि त्याच्याबरोबर बहुतेकदा बीपी असतंच. आणि तीन पथ्यं नुसती एकावर एक ठेवली तर ती एकमेकांशी भांडतात, म्हणून या नोंदीत तेवढंच नीट सांगतेय.

भांडण कसं ते बघा. डायबेटिसवाल्याला आपण सांगतो भात कमी करा, डाळी, कडधान्यं, पालेभाज्या, सॅलड भरपूर खा. बीपीवाल्याला सांगतो साधं मीठ सोडा, लो सोडियम मीठ वापरा. दोन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर. पण किडनी काम करेनाशी झाली की शरीरातलं जास्तीचं पोटॅशियम लघवीवाटे बाहेर पडत नाही, आणि डाळी, कडधान्यं, पालेभाज्या या सगळ्यांत पोटॅशियम भरपूर. लो सोडियम मिठात तर सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून त्याजागी सरळ पोटॅशियम क्लोराइडच घातलेलं असतं, म्हणजे बीपीसाठी चांगलं म्हणून आणलेली पिशवी किडनीच्या पेशंटला धोक्याची. सैंधव मिठाबद्दलही लोकांचा गैरसमज आहे, ते बहुतांशी सोडियम क्लोराइडच असतं, त्यामुळे तेही मोजूनच घ्यायचं.

रक्तात पोटॅशियम लिटरमागे साधारण 3.5 ते 5 मिलिमोल असावं. साडेपाचच्या वर गेलं की डॉक्टर लगेच ईसीजी काढतात, कारण हृदयाचे ठोके बिघडू शकतात आणि पेशंटला आधी काही जाणवेलच असं नाही. म्हणून इथे नुसतं पेशंट कसा दिसतोय यावर जाता येत नाही, रिपोर्ट बघावाच लागतो.

आता एक उदाहरण धरू. कळव्याच्या एक काकू, वय 58, वजन 60 किलो, डायबेटिस पंधरा वर्षं, किडनीचा आजार चौथ्या स्टेजला, डायलिसिस अजून नाही, पोटॅशियम 5.9. डायटिशियन आधी प्रोटीन ठरवते. डायबेटिससकट किडनीचा आजार असेल आणि डायलिसिस नसेल तर किलोमागे 0.6 ते 0.8 ग्रॅम, म्हणजे काकूंना दिवसाला 36 ते 48 ग्रॅम. कॅलरी किलोमागे 25 ते 35 च्या मधल्या, आपण 1600 धरू. मीठ सगळं मिळून 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे सोडियम 2 ग्रॅम. पोटॅशियम एवढं वाढलेलं आहे तोवर 2 ग्रॅमच्या आसपास.

हे ताटात कसं उतरतं? सकाळी पोहे, शेंगदाणे आणि बटाटा न घालता, आणि बिनसाखरेचा अर्धा कप दुधाचा चहा. दुपारी तीन छोट्या चपात्या, वाटीभर भात, दुधीची भाजी आणि मोजलेली डाळ, कच्ची 25 ग्रॅम. मधे एक सफरचंद. रात्री दोन फुलके, थोडा भात, पडवळाची भाजी आणि दोन अंड्यांचं पांढरं. तेल दिवसभरात पाच-सहा चमचे. प्रोटीनची बेरीज ठरलेल्या 36 ते 48 ग्रॅममध्ये बसते. डायबेटिस असून भात कसा काय देता असं नातेवाईक विचारतातच. तर प्रोटीन कमी केल्यावर कॅलरी कुठून तरी यायला हव्यात, नाहीतर शरीर स्वतःचे स्नायू जाळतं आणि रक्तातला युरिया, म्हणजे प्रोटीन मोडून तयार होणारा टाकाऊ पदार्थ, उलटा वाढतो. म्हणून भात बंद न करता तो दोन्ही वेळांत विभागायचा, साखर वर चढली तर इन्सुलिनचा डोस डॉक्टर बघतात. साखर ताब्यात ठेवणं पोटॅशियमसाठीही गरजेचं, कारण इन्सुलिन कमी पडलं की पेशींमधलं पोटॅशियम रक्तात येतं.

भाज्यांचं पोटॅशियम कमी करायची किचनमधली पद्धत म्हणजे साल काढायची, पातळ चकत्या करायच्या, भरपूर पाण्यात उकळायच्या आणि ते पाणी ओतून द्यायचं. बटाट्यातलं अर्ध्याच्या आसपास पोटॅशियम असं निघून जातं. नुसतं भिजत ठेवून फार फरक पडत नाही, उकळणं महत्त्वाचं. आणि याचाच दुसरा अर्थ असा की पोटॅशियम त्या पाण्यात उतरलेलं असतं! त्यामुळे हलकं म्हणून पाजलेलं डाळीचं वरचं पाणी किंवा भाज्यांचं सूप या पेशंटला हलकं नसतं. मला वाटतं असाइनमेंटमध्ये एक मुद्दा लिहायचा तर हाच लिहावा, कारण आपल्याकडे आजारी माणूस म्हटला की पहिलं हेच दिलं जातं.

खरी गडबड किचनमध्ये कमी होते आणि व्हिजिटिंग अवरला जास्त. हॉस्पिटलच्या गेटबाहेर शहाळेवाला असतोच, येणारा प्रत्येक जण प्रेमाने एक शहाळं आणतो. एका शहाळ्यात अर्धा ग्रॅम किंवा त्याहून जास्त पोटॅशियम, म्हणजे काकूंच्या दिवसाच्या कोट्यातला पाव हिस्सा पाच मिनिटांत संपला. अळणी भाजीला चव येत नाही म्हणून घरून पापड-लोणचं येतं, त्यात मीठ तर असतंच आणि पापडखारही सोडियमचाच. त्यापेक्षा लिंबू पिळा, आलं-लसूण, जिरं, कोथिंबीर घाला, आणि मोजलेलं मीठ शिजवताना न घालता वरून द्या, कमी मीठ असूनही जिभेला चव लागते. अजून एक चूक म्हणजे साखर उतरली की मोसंबीचा ज्यूस. किडनी खराब असली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं त्यामुळे साखर उतरण्याचे प्रसंग येतातच, पण तेव्हा तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात द्यायचं, पोटॅशियमवाला ज्यूस नाही.

तरी सगळा दोष जेवणावर टाकू नये. बीपीच्या काही गोळ्यांनी, बद्धकोष्ठतेने, रक्तातलं आम्ल वाढल्यानेही पोटॅशियम चढतं. कधी सँपल घेताना रक्तपेशी फुटल्या तर रिपोर्ट खोटाच जास्त येतो, म्हणून आकडा जेवणाशी जुळत नसेल तर टेस्ट परत करतात. पोटॅशियम नॉर्मल असेल तर भाज्या-फळं उगाच बंद करायची नाहीत, रीनल म्हणजे सरसकट सगळं बंद ही जुनी सवय आहे.

आणि डायलिसिस सुरू झालं की हिशोब उलटतो. प्रत्येक वेळी थोडं प्रोटीन मशीनमधून वाहून जातं, म्हणून आता किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम, म्हणजे काकूंना 60 ते 72 ग्रॅम लागतं. पाणी मात्र मोजायचं, साधारण आदल्या दिवशीची लघवी अधिक अर्धा लिटर, त्यात चहा, ताक, आमटी सगळं धरून. घरचे बरेचदा जुन्याच कागदावर चालत राहतात, अंडं नको, डाळ अर्धीच. मग डायलिसिसनंतरचं वजन महिन्यामहिन्याला उतरत जातं, रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन खाली येतं, बांगड्या सैल होतात, आणि पायाला सूज असेल तर काट्यावर हे चटकन दिसतही नाही. म्हणून डायलिसिसच्या पहिल्याच आठवड्यात जुना डाएट चार्ट घरच्यांकडून परत मागून घ्यायचा आणि नवा हातात द्यायचा.