परदेशी पाहुण्याचा पासपोर्ट हरवला तर रिसेप्शनने काय करायचं?

समजा, सप्टेंबरातला शुक्रवार आहे. कास पठारावरून संध्याकाळी साताऱ्यात परतलेली एक जर्मन पाहुणी काउंटरवर येते. पासपोर्ट सापडत नाहीये आणि मंगळवारी मुंबईहून विमान आहे.

लगेच सगळीकडे फोन लावू नका. पासपोर्ट हरवल्याचं एकदा दूतावासाला कळवलं की बहुतेक देश तो रद्द करतात. मग तो रात्री बॅगेच्या कप्प्यात सापडला तरी प्रवासाला चालत नाही. म्हणून आधी खोलीतली तिजोरी, धुवायला दिलेले कपडे आणि गाडीची मागची सीट बघा, ड्रायव्हरला विचारा. पाहुणीला म्हणा, "बसा, पाणी घ्या. आधी आपण मिळून शोधू. नाही मिळाला तरी त्याची कॉपी आमच्याकडे आहे."

ही नुसती समजूत नाही. चेक-इनला घेतलेला पासपोर्ट-व्हिसाचा स्कॅन आणि 24 तासांच्या आत ऑनलाइन भरलेला सी फॉर्म हेच पुढच्या प्रत्येक खिडकीवर कामी येतात. दोन्हींच्या प्रिंट काढून शिक्का मारून द्या. ई-व्हिसा असेल तर त्याचीही प्रिंट ईमेलवरून काढा.

नंतर पोलीस ठाणे. सोबत मराठी बोलणारा माणूस पाठवाच. "मी तुमच्याबरोबर येतो. काय घडलं ते तुम्ही सांगा, मी मराठीत सांगेन." चोरी झाल्याची खात्री नसेल तर 'गहाळ' असंच लिहून द्यावं. चोरी दुसऱ्या हद्दीत, म्हणजे पुण्यात वगैरे झाली असेल, तर झिरो एफआयआर मागता येतो. दाखला मराठीत मिळाला तरी नाव आणि पासपोर्ट क्रमांक इंग्रजी अक्षरांत लिहून घ्या, नाहीतर वकिलातीत अडतं.

जर्मनीची वकिलात मुंबईत आहे. शनिवार-रविवारी कार्यालय बंद असतं, पण तातडीच्या मदतीचा नंबर वेबसाइटवर मिळतो. शनिवारी 35 × 45 मिलिमीटरचे फोटो काढून घ्या. लगेच मायदेशी परतणाऱ्याला तात्पुरता प्रवास दाखला पुरतो. जास्त दिवस राहणाऱ्याने नवा पासपोर्ट काढून त्यावर व्हिसा बदलून घ्यायचा.

खरी चूक होते ती यापुढे. प्रवास दाखला हातात आला की पाहुणे थेट विमानतळ गाठतात आणि इमिग्रेशनवर अडकतात, कारण देश सोडण्याची परवानगी वेगळी लागते. त्यासाठी indianfrro.gov.in वर अर्ज करायचा असतो: नवा दाखला, पोलिसांचा कागद, जुन्या पासपोर्ट-व्हिसाची कॉपी, फोटो आणि राहण्याचा पुरावा म्हणून आपला सी फॉर्म. मंजुरी कधी येईल याचा शब्द देऊ नका. "मंगळवारचं तिकीट पुढे ढकलून ठेवू या. खोलीची सोय आम्ही बघतो," एवढंच बोला.

आणि तक्रारीनंतर जुना पासपोर्ट सापडला, तर पोलिसांना व वकिलातीला कळवा. तो घेऊन विमानतळावर जाऊ नका, असं पाहुण्यांना बजावून सांगा.