साखळी-संदेश व त्याविरुद्धची सूचना

साखळी-संदेश व त्याविरुद्धची सूचना : ‘हा संदेश अकरा जणांना पाठवा, सात दिवसांत शुभवार्ता मिळेल, थांबवलात तर अनिष्ट घडेल’ अशा मजकुराला साखळी-संदेश म्हणतात. गट, मंडळ किंवा सोसायटीचा चालक सदस्यांना असे संदेश पुढे न पाठवण्याची आणि खात्री करूनच इतर मजकूर पाठवण्याची जी विनंती करतो, ती सूचनाही येथे विचारात घेतली आहे.

उगमाविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक साखळी-पत्राचे मूळ मध्ययुगीन युरोपातील ‘स्वर्गातून पडलेल्या पत्रां’त शोधतात. रविवार पाळण्याची आज्ञा देणारे असे एक पत्र सहाव्या शतकात स्पेनजवळच्या इबिझा बेटाचा बिशप विन्सेंट याच्या हाती आले आणि त्याने ते खरे मानून लोकांना वाचून दाखवले. स्पेनमधील कार्ताहेनाचा बिशप लिसिनियानस याने त्याला लिहिलेले खरमरीत उत्तर उपलब्ध आहे. ते साधारणतः इ. स. ५८४ च्या सुमाराचे मानतात. पत्राची भाषा गबाळी आहे आणि शिकवणही शुद्ध नाही, मग ते वाचून दाखवण्याऐवजी फाडून का टाकले नाहीस, असा त्याचा रोख आहे. मजकुराची अंतर्गत तपासणी करून प्रसार रोखू पाहणारे हे बरेच जुने लेखन होय. पुढे फ्रँकांचा राजा शार्लमेन याच्या ७८९ च्या आज्ञापत्रातही अशा पत्रावर विश्वास न ठेवता ते जाळावे, असे सांगितले आहे.

तथापि ही पत्रे जवळ बाळगण्यावर व वाचून दाखवण्यावर भर देत. ठरावीक संख्येच्या प्रती ठरावीक मुदतीत पाठवण्याची अट विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत पसरलेल्या ‘प्राचीन प्रार्थने’त स्पष्ट दिसते. नऊ दिवस, नऊ माणसे आणि नवव्या दिवसानंतर आनंद, अशी तिची रचना होती. म्हणून आजच्या संदेशाचा थेट पूर्वज तीच, हे मत अधिक ग्राह्य वाटते. १८५७ च्या आरंभी उत्तर हिंदुस्थानात चौकीदारांकरवी गावोगाव फिरलेल्या चपात्यांचाही कधीकधी येथे उल्लेख होतो. पण त्यांच्यासोबत आशीर्वादाचा लेखी मजकूर नव्हता, तेव्हा ते साम्य वरवरचेच म्हणावे लागते.

नकलताना मजकूर कसा बदलतो, हे चार्ल्स बेनेट, मिंग ली व बिन मा यांनी १९८० ते १९९५ या काळात जमवलेल्या ३३ इंग्रजी पत्रांवरून दाखवले (२००३). लाभ झालेल्या व नुकसान सोसलेल्या माणसांची नावे आणि रकमा प्रतीगणिक वेगळ्या होत्या. जनुकांप्रमाणे त्यांची वंशावळ मांडता आली. मराठीत संतोषी माता, तिरुपती बालाजी, साईबाबा यांच्या नावाने पोस्टकार्डे व छापील पत्रके फिरत. ‘मंदिरात नाग प्रकटला आणि पुजाऱ्याशी बोलला’ या कथेत गाव बदले, देव बदले, प्रतींची संख्या मात्र सहसा शुभ आकड्यावरच थांबे.

संदेशातील दावा गणितानेही तपासता येतो. प्रत्येकाने अकरा जणांना पाठवले तर सहाव्या फेरीत १७,७१,५६१ आणि दहाव्या फेरीत सुमारे २,५९४ कोटी प्रती होतात, म्हणजे पृथ्वीवरील माणसांहून जास्त. संदेश सांगितल्याप्रमाणे चालला असता तर तो केव्हाच थांबला असता. तो टिकतो तो बहुतेकजण पुढे पाठवत नाहीत म्हणून.

व्हॉट्सॲपवर पाच किंवा अधिक वेळा पुढे गेलेल्या संदेशावर दुहेरी बाण दिसतो. असा संदेश एप्रिल २०२० पासून एका वेळी एकाच संवादात पाठवता येतो. त्याआधी १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेतून पाच जणांची हत्या झाली आणि त्याच महिन्यात भारतापुरती पाच संवादांची मर्यादा जाहीर झाली. दुहेरी बाणाच्या खुणेवर मात्र फार विसंबता येत नाही. मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला की मोजणी शून्यापासून सुरू होते, आणि आशीर्वादाचे संदेश पुष्कळदा असेच फिरतात.

सूचना लिहिताना नेमकेपणा लागतो. ‘अफवा पसरवू नका’ एवढे म्हटल्याने सदस्याला काय तपासावे हे कळत नाही. मजकुरात तारीख व ठिकाण आहे का, एक वाक्य शोधयंत्रात टाकल्यावर तेच वेगळ्या देवाच्या किंवा गावाच्या नावाने सापडते का, संबंधित देवस्थानाच्या संकेतस्थळावर काही आहे का, हे प्रश्न उपयोगी पडतात. दुवा असेल तर तो उघडू नये. ज्येष्ठांनी श्रद्धेने पाठवलेल्या संदेशाबद्दल गटात सर्वांसमक्ष सुनावण्यापेक्षा त्यांना स्वतंत्रपणे फोन करणे बरे, असा चालकांचा सर्वसाधारण प्रघात आहे.

सूचनेच्या शेवटी ‘हे सर्व ग्रुपवर पाठवा’ असे लिहिले की तीही साखळी होते. १९९४ च्या अखेरीस पसरलेला ‘गुड टाइम्स’ या संगणक-विषाणूचा इशारा याचे ठळक उदाहरण होय. तसा विषाणू अस्तित्वातच नव्हता. मित्रांना सावध करण्याच्या विनंतीवर तो इशाराच वर्षानुवर्षे फिरत राहिला.

पैशांची मागणी करणाऱ्या साखळ्यांना भारतात १९७८ च्या बक्षीस चिट्स व पैसा परिचलन योजना (बंदी) अधिनियमाने प्रतिबंध आहे. केवळ आशीर्वादाचे आमिष दाखवणारा, पैसे न मागणारा संदेश त्या अधिनियमाच्या कक्षेत येत नाही.