सुईच्या आधीची दहा मिनिटं

समजा, रात्री दीड वाजता कॅज्युअल्टीत पंचविशीचा एक तरुण आणला आहे. तीन रात्री झोप नाही, घरच्यांनी जेवणात विष कालवल्याची खात्री, आणि आता तो वॉर्डाच्या दारात येरझारा घालतोय. आई रडतेय, भाऊ दंड धरून ओढतोय, दोन वॉर्डबॉय तयारीत उभे आहेत.

सगळ्यांच्या मनात एकच विचार असतो, धरा आणि टोचा. अमेरिकेतल्या आपत्कालीन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ साली 'प्रोजेक्ट बीटा' या नावाने मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांचा क्रम मात्र उलटा आहे: आधी बोलणं, मग गोळी, मग इंजेक्शन.

बोलायचं एकाच माणसाने. बाकीचे मागे सरकतात, भावाला दंड सोडायला लावतात. डॉक्टर दोन हात लांब, थोडे तिरके उभे राहतात, हात दिसतील असे, आणि त्याची दाराकडची वाट अडवत नाहीत. वाक्यं छोटी, पुन्हा पुन्हा तीच. "दादा, मी इथला डॉक्टर. तुम्हाला इथं कुणी मारणार नाही. पाणी देऊ?" विषाबद्दल वाद घालायचा नाही आणि होला होही म्हणायचं नाही. "तीन रात्री झोप नाही म्हणजे जीव कावला असेल" एवढं मात्र खरं असतं, आणि तेवढ्यावर दोघांचं एकमत होऊ शकतं. मर्यादाही शांतपणे सांगायची: बोला, पण मारामारी चालणार नाही. याला बहुतेकदा पाच-दहा मिनिटं पुरतात. धरून बांधण्यात त्याहून जास्त वेळ जातो, हे सहसा कुणी मोजत नाही.

याच वेळात दुसरा प्रश्न सोडवायचा असतो: हा मानसिक आजारच आहे ना? खवळलेला माणूस साखर उतरलेला असू शकतो, डोक्याला मार लागलेला असू शकतो, दारू अचानक सुटलेला असू शकतो. घटका-घटकेला शुद्ध बदलत असेल, आपण कुठे आहोत हेच कळत नसेल, तर शरीरातलं कारण शोधावं लागतं. बोटाला टोचून साखर बघणं ही पहिली तपासणी. कमी साखरेच्या रुग्णाला गुंगीचं औषध दिलं तर तो शांत दिसेल, आणि मेंदूचं नुकसान चालूच राहील.

साखर ठीक निघाली आणि तो ऐकू लागला, की पर्याय द्यायचा: "गोळी घेणार की थोडं खाऊन मग घेणार?" जिभेवर विरघळणारी ओलान्झापिन या भ्रमावरच्या औषधाची गोळी किंवा घबराट कमी करून गुंगी आणणारं लोराझेपाम इथे चालतं. गोळीला परिणाम दाखवायला अर्धा-एक तास लागतो, पण ती त्याने स्वतःच्या हाताने घेतलेली असते. माझ्या मते हा फरक वेळेपेक्षा मोठा आहे.

गोळी थुंकली, खुर्ची उचलली, तर इंजेक्शन. इथे आपल्याकडच्याच कामाचा आधार आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात २०० रुग्णांवर झालेला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना लोराझेपाम दिलं, निम्म्यांना भ्रमावरचं हॅलोपेरिडॉल आणि प्रोमेथाझिन एकत्र. चार तासांनी दोन्ही गटांत ९६ टक्के शांत होते. मात्र जोडीच्या गटात ७६ टक्के झोपले होते, लोराझेपामच्या गटात ४५. २००७ मध्ये तिथेच ३०० जणांवर ओलान्झापिनचं इंजेक्शन तपासलं. सुरुवातीला तेही जोडीइतकंच चाललं, पण पहिल्या चार तासांत पुन्हा औषध लागलेले ४३ टक्के होते, जोडीत २१.

प्रोमेथाझिन म्हणजे सर्दी-खाजेवरचं जुनं औषध, ते इथे कशाला? हॅलोपेरिडॉल मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचं काम रोखतं. त्यात कधी मान वाकडी होते, डोळे वर चढतात, जीभ आखडते. रुग्ण शुद्धीत असतो, म्हणून भयंकर घाबरतो. प्रोमेथाझिन हे आखडणं टाळतं आणि झोपही आणतं. रिओ दी जानेरोत एकट्या हॅलोपेरिडॉलची जोडीशी तुलना चालली होती. आखडण्याचे प्रकार एकट्याच्या गटातच दिसू लागले, तेव्हा ती मध्येच थांबवली. तरीही काही ठिकाणी अजून हॅलोपेरिडॉल एकटंच टोचतात.

जोडी सगळ्यांना चालत नाही. हृदयाचा आजार असेल किंवा ईसीजीच काढलेला नसेल, तर ब्रिटनमधल्या 'नाइस' या उपचारांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या २०१५च्या सूचना लोराझेपामकडे वळतात. दारू सुटल्यामुळे आलेल्या थरकापातही लोराझेपामच. भरपूर प्यायलेल्याला मात्र ते श्वास मंदावू शकतं. ओलान्झापिन आणि लोराझेपाम ही इंजेक्शनं एकापाठोपाठ देत नाहीत, कारण रक्तदाब आणि श्वास दोन्ही घसरू शकतात.

सुई टोचल्यावर काम संपत नाही. नाडी, रक्तदाब, श्वास, ताप, शुद्ध हे किमान तासाला एकदा बघायचं. झोपी गेलेल्याचं दर पंधरा मिनिटांनी. बांधावं लागलंच, तर मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे ते गरजेपुरतंच, आणि रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला २४ तासांत कळवायचं.

सकाळी तो जागा होतो, तेव्हा डॉक्टरांनी खुर्ची ओढून बसायचं आणि विचारायचं, रात्री काय झालं, कशाने जास्त त्रास झाला. पुन्हा असं झालं तर काय द्यावं, हे त्याच्याकडूनच केसपेपरवर लिहून घ्यायचं. हा कायदा रुग्णाला आपली इच्छा आधीच लेखी नोंदवायची मुभा देतो.