संवेदनशीलता व पूरक संवेदनशीलता फलने

फीडबॅक असलेल्या नियंत्रणात बाहेरचा व्यत्यय किती उरतो हे संवेदनशीलता फलन S सांगते. मोजमापातली चूक किती प्रमाणात खऱ्या राशीत उतरते, हे पूरक फलन T सांगते. लूपचा एकूण गेन L धरला तर

`S = 1/(1+L)`, `T = L/(1+L)`, `S + T = 1`

म्हणून एकाच वारंवारतेला दोन्ही फलने लहान करता येत नाहीत. व्यत्यय दाबायचा तर लूपला सेन्सरवर विश्वास ठेवावा लागतो, आणि सेन्सरची चूकही त्याच वाटेने आत येते.

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत बिडाची ओतकामे चालतात. तिथल्या एखाद्या कारखान्यात कास्टिंगमधला ताण काढण्यासाठी ५५० अंश सेल्सिअसला ठेवलेली विजेची भट्टी समजा. हीटरची वीज बदलल्यावर थर्मोकपलला ते २० सेकंदांनी कळते, आणि कंट्रोलर असा बसवला आहे की `L = k·e^(-20s)/s`; यात k हा आपण ठरवायचा गेन आणि s हे लाप्लास चल. शेजारची वितळ-भट्टी सुरू-बंद होऊन व्होल्टेज हलते. नियंत्रण नसते तर त्यामुळे तापमान २० मिनिटांच्या आवर्तनाने ३० अंश वर-खाली झाले असते. k = ०.०२५ ठेवल्यास या संथ लाटेला S सुमारे ०.२१ येते आणि ६ अंश उरतात. k दुप्पट केला की ३ अंशच उरतात.

त्याची किंमत वेगळ्या वारंवारतेला मोजावी लागते. पॅनेलचा पंखा दर ९० सेकंदांनी चालू-बंद होतो आणि थर्मोकपलच्या टर्मिनलवरच्या गार-गरम वाऱ्याने वाचन २ अंशांनी हलते, असे धरू. पहिल्या k ला तिथे T सुमारे ०.५५ आहे, म्हणजे भट्टी खरोखर १.१ अंश हलते. दुप्पट k ला T २.२ होते आणि भट्टी साडेचार अंश हलते. त्याच ठिकाणी S दीडवरून तीनच्या वर जाते, त्यामुळे या वारंवारतेचा खरा व्यत्ययसुद्धा दाबला न जाता तिपटीने वाढतो. हेंड्रिक बोडे यांच्या १९४५ च्या ग्रंथातील संबंध याचे मूळ दाखवतो: अशा स्थिर लूपमध्ये S च्या लॉगरिदमचे सर्व वारंवारतांवरचे संकलन शून्य येते, म्हणून एकीकडे दाबलेले दुसरीकडे फुगते. २० सेकंदांचा उशीर ही फुगण्याची जागा ठरवतो. तो गेन वाढवून जात नाही. थर्मोकपल हीटरजवळ सरकवून तो थोडा कमी होऊ शकतो, पण मग वाचन कास्टिंगचे राहत नाही.

ओळखण्याची सोपी रीत म्हणजे कंट्रोलर थोडा वेळ मॅन्युअलवर टाकणे. वाचनात पंख्याच्या चालीने येणारी लाट तेव्हा ६ अंशांवरून २ वर उतरली, तर ती लूपच वाढवत होता. ती उतरली नाही, तर गेनला दोष देऊ नये.

पाच सेकंदांच्या आवर्तनाच्या नॉईजला मात्र T फसवते. भट्टी जड असल्याने T तिथे नगण्य असते आणि तापमान शांत दिसते. पण कंट्रोलर C कडून हीटरकडे जाणाऱ्या आदेशात नॉईज `C·S` या प्रमाणात पोहोचते आणि हीटर चालू-बंद करणारा कॉन्टॅक्टर झिजतो. ही फिल्टरची जागा आहे, मात्र फिल्टरही उशीर वाढवतो.