सम कुठे गेली? मॅथ रॉकमधल्या तालाचा हिशेब

रॉक संगीत ऐकताना आपण मनाशी मोजत नाही, तरी पाय आपोआप हलू लागतो. याचे कारण असे की काही ठोके समान अंतराने ऐकू आले की मेंदू पुढचा ठोका कधी पडेल याचा अंदाज बांधतो, आणि अंदाज खरा ठरत गेला की त्यावर विसंबून राहतो. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या डॉन कॅबालेरोसारख्या वाद्यवृंदांनी नेमक्या याच अंदाजाला हात घातला. त्यांच्या आणि त्यांच्याशी नाते सांगणाऱ्या इतरांच्या संगीताला पुढे ‘मॅथ रॉक’ म्हटले जाऊ लागले. नाव थोडे फसवे आहे, कारण त्यातले गणित बहुतेक वेळा बेरजेपलीकडे जात नाही. अवघड असते ते आकड्यांशी कानाने जुळवून घेणे.

एक छोटे उदाहरण मांडून पाहू. सर्वांत लहान समान ठोक्याला आपण मात्रा म्हणू. नेहमीच्या रॉकमध्ये एका आवर्तनात अशा आठ मात्रा असतात. पायाने वाजणारा मोठा ढोल पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर पडतो, तर स्नेअर या कडक आवाजाच्या ढोलाचा फटका तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर येतो. आता गिटारवादकाने सात मात्रांची एक ओळ चार वेळा वाजवली आणि शेवटी चार मात्रांचा एक तुकडा जोडला, असे समजा. सात चोक अठ्ठावीस आणि चार मिळून बत्तीस मात्रा होतात. ड्रमवादकाची आठ मात्रांची चार आवर्तनेही बत्तीसच भरतात, त्यामुळे तेहेतिसाव्या मात्रेला दोघे पुन्हा एकत्र समेवर येतात.

खरी गंमत मधल्या वाटेवर आहे. गिटारची ओळ पहिल्यांदा समेवर सुरू होते. दुसऱ्यांदा ती पहिल्या आवर्तनाच्या आठव्या मात्रेवर, म्हणजे समेच्या एक मात्रा आधीच सुरू होते. तिसऱ्यांदा तिची सुरुवात दुसऱ्या आवर्तनाच्या सातव्या मात्रेवर, ऐन स्नेअरच्या फटक्यावर येते आणि चौथ्यांदा तिसऱ्या आवर्तनाच्या सहाव्या मात्रेवर. ओळीतला एकही स्वर बदललेला नसतो, पण दर वेळी तिचा वेगळाच स्वर ढोलाखाली येतो आणि म्हणून वेगळाच स्वर ठळक होतो. श्रोत्याला ओळ बदलल्यासारखी वाटते, वादकाने मात्र काहीच बदललेले नसते.

याच ओळीसाठी ड्रमवादक दुसरा मार्गही घेऊ शकतो. आठचे आवर्तन सोडून तो गिटारबरोबर जातो आणि सात, सात, सात, सात, चार अशा मापांत वाजवून प्रत्येक सुरुवातीला मोठा ढोल देतो. गिटारचे स्वर तेच राहतात, पण ताल वेगळा होतो. पहिल्या मांडणीत आघात वाकडे होते आणि माप सरळ होते, तर दुसऱ्या मांडणीत मापच बदलत राहते. दोन्हींतला फरक ओळखायचा असेल तर दर दोन मात्रांनी पाय आपटत राहावे. पहिल्या मांडणीत स्नेअर सतत पायाबरोबर राहील. दुसरीत सातचे एक माप संपताच पाय दोन ठोक्यांच्या मधोमध पडू लागेल आणि चौदाव्या मात्रेनंतर पुन्हा जुळेल. कित्येक रचनांविषयी ‘ही सातात आहे की चारात’ असे वाद होतात, त्यांचे मूळ अनेकदा इथेच असते.

रूपक ऐकणाऱ्या मराठी कानाला सात हा आकडा परका नाही. तीन-दोन-दोन अशी त्याची विभागणी आपण सहज धरतो. पण तालात आवर्तन पक्के असते. गायक कितीही लांब भटकला तरी तबला त्याला समेचा पत्ता देत राहतो. मॅथ रॉकमध्ये आवर्तनाची लांबीच ओळीगणिक बदलू शकते आणि तो बदल सांगणारे कुणी नसते, म्हणून रूपकात मुरलेला श्रोताही तिथे गोंधळू शकतो.

हा गोंधळ जन्मजात आहे की सवयीचा, याचे उत्तर एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सापडते. त्यांनी बाल्कन प्रदेशातल्या, विषम लांबीच्या ठोक्यांच्या लोकधुना वापरल्या. अशा धुनांचा ताल मुद्दाम बिघडवला तेव्हा उत्तर अमेरिकेतल्या प्रौढांना ते नीट ओळखता आले नाही, पण बल्गेरिया आणि मॅसिडोनियातून आलेल्यांना आले. सहा महिन्यांच्या उत्तर अमेरिकी बाळांनाही ते कळत होते. बारा महिन्यांच्या बाळांनी ही क्षमता जवळजवळ गमावली होती. मात्र घरी दोन आठवडे अशा धुना ऐकवल्यावर ती परत आली. तेवढ्याच सरावाने प्रौढांमध्ये तसा बदल झाला नाही. म्हणजे समान लांबीच्या ठोक्यांचा ताल हा कानाचा एकमेव नैसर्गिक ताल नाही, तो आपल्या भोवतालाने लावलेला लळा आहे.

गिटारच्या टोकदार ओळींचा संबंधही याच अंदाजाशी आहे. स्वर मोठा वाजवला की आघात होतो हे उघड आहे, पण खालच्या स्वरावरून एकदम वर उडी घेतली तरीही आघात जाणवतो. अल्बर्ट ब्रेगमन आणि जेफ्री कॅम्पबेल यांनी १९७१ मध्ये तीन उंच आणि तीन खालचे स्वर आलटून पालटून, दर स्वराला सेकंदाचा दहावा भाग या वेगाने ऐकवले. श्रोत्यांना उंच स्वरांचा आपसातला क्रम सांगता आला, खालच्यांचाही आला, पण दोन्ही मिळून बनलेला क्रम सांगता येईना. कानाने एका ओळीच्या दोन ओळी करून टाकल्या होत्या. समान लांबीच्या सात स्वरांच्या ओळीत पहिला, चौथा आणि सहावा स्वर उंच ठेवला, तर जोर न देताही त्यातून तीन-दोन-दोन असा ताल वर येतो. वेग कमी केला की हा परिणाम ओसरतो, आणि म्हणूनच अशी ओळ शिकताना संथ वाजवली तर ती अगदी निरुपद्रवी वाटते.

एवढ्या मोठ्या उड्या एका हाताने घेणे कठीण, म्हणून अनेक वादक तारा वेगळ्या लावतात. इलिनॉयमधल्या ‘अमेरिकन फुटबॉल’ या वाद्यवृंदाच्या १९९९च्या अल्बममधले ‘नेव्हर मेंट’ हे गाणे एफ, ए, सी, जी, सी, ई अशा जुळणीत आहे. नेहमीच्या जुळणीतल्या तीन तारा एक-दोन पडदे वरखाली केल्या की ती तयार होते. मोकळ्या तारा झंकारत राहतात आणि बोटे वरच्या पडद्यांवर मोकळी राहतात.

वाजवताना होणारी सर्वांत नेहमीची चूक म्हणजे सातचे आठ होणे. सात चार-तीन असे मोजले तर शेवटच्या तीन मात्रांचा गट हात नकळत लांबवतो, कारण कानाला चार हवे असतात. साथीदार माणूस असेल तर तो अर्धा क्षण थांबून सावरून घेतो, यंत्र तसे करत नाही. डॉन कॅबालेरोच्या २००० सालच्या ‘अमेरिकन डॉन’ या अल्बममध्ये गिटारवादक इयन विल्यम्स ओळी लूप पेडल या वाजवलेले पुन्हा पुन्हा ऐकवणाऱ्या यंत्रात साठवून एकावर एक रचतो. साठवताना पेडल जरा उशिरा दाबले गेले तर ती चूक प्रत्येक फेरीत तशीच परत येते, आणि डेमन चेसारख्या ड्रमवादकालाही मग त्या चुकलेल्या लांबीशीच जुळवून घ्यावे लागते.